कोर्स आउटकमचे निकाल विभागाच्या बैठकीत मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेमिस्टर संपतं, निकाल लागतो आणि विभागाच्या आढावा बैठकीची तारीख येते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या कोर्सचे सीओ, म्हणजे कोर्स आउटकम, किती साध्य झाले ते दहा मिनिटांत मांडायचं असतं. एक्सेल शीट तयार असते, पण त्या शीटमधून सहकाऱ्यांना पटेल आणि पुढच्या सेमिस्टरला उपयोगी पडेल असं काही काढायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मला वारंवार विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं एकाच उदाहरणावर दिली आहेत, म्हणजे आकडे कुठून कुठे जातात ते दिसेल.

उदाहरण डेटा स्ट्रक्चर्सच्या कोर्सचं, विद्यार्थी ६४. सीओ चार: योग्य डेटा स्ट्रक्चर निवडता येणं (सीओ-१), स्टॅक, क्यू आणि लिंक्ड लिस्ट प्रत्यक्ष लिहिता येणं (सीओ-२), अल्गोरिदमच्या कॉम्प्लेक्सिटीचं विश्लेषण करता येणं (सीओ-३), ट्री आणि ग्राफ वापरून प्रश्न सोडवता येणं (सीओ-४). एखाद्या सीओच्या प्रश्नांत ६० टक्के गुण मिळाले की विद्यार्थ्याला तो जमला असं धरायचं, आणि वर्गातल्या ६५ टक्के विद्यार्थ्यांना तो जमावा हे लक्ष्य. पहिल्या आकड्याला आपण उंबरठा म्हणू, दुसऱ्याला लक्ष्य. हे दोन्ही सेमिस्टर सुरू होण्याआधी ठरलेले हवेत. निकाल पाहून ठरवले तर पुढच्या सगळ्या गणिताला अर्थ उरत नाही.

बैठकीत सगळ्या सीओंचे सगळे आकडे दाखवायचे का?

आकडे सगळ्यांचे दाखवा, पण बोला एकाच सीओबद्दल. चार सीओंची चार टक्केवारी एका स्लाइडवर मावते आणि ती अर्ध्या मिनिटात वाचून होते. उरलेला वेळ ज्या सीओत गोष्ट अडली आहे त्याला द्या. दहा मिनिटांत चार सीओ समान वाटून मांडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला "ठीक आहे", "थोडं कमी आहे" एवढंच येतं आणि बैठक कुठलाच निर्णय न घेता पुढच्या कोर्सकडे वळते. आपल्या उदाहरणात सीओ-१ चे अटेनमेंट ७८ टक्के, सीओ-२ चे ७२, सीओ-३ चे ४२ आणि सीओ-४ चे ६७. बोलायचं सीओ-३ वर. सीओ-४ वर मात्र एक वाक्य बोलावंच लागेल, ते का ते पुढे येतं.

टक्केवारी काढायची कशी? एकूण गुणांवरून चालेल का?

एकूण गुणांवरून चालत नाही. पेपरमधला प्रत्येक उपप्रश्न कोणत्या सीओचा आहे हे ठरलेलं हवं आणि गुण उपप्रश्नाप्रमाणे भरलेले हवेत. आपल्याकडे सीओ-३ चे तीन उपप्रश्न आहेत: मिडटर्मचा ३ब (६ गुण), एंड-सेमचा ४अ (५ गुण) आणि ४ब (७ गुण). शीटमध्ये हे तीन रकाने C, D, E. तिसऱ्या ओळीत कमाल गुण, पाचव्या ओळीपासून विद्यार्थी. पहिलं सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याचं सीओ-३ चं प्रमाण F रकान्यात काढतं, दुसरं वर्गाचं अटेनमेंट.

```
=IF(COUNT(C5:E5)=0,"",SUM(C5:E5)/SUMPRODUCT(ISNUMBER(C5:E5)*C$3:E$3))
=COUNTIF(F5:F68,">=0.6")/COUNT(F5:F68)
```

पहिल्या सूत्रातला छेद नीट पाहा. ज्या खान्यात आकडा आहे त्याचेच कमाल गुण त्यात मोजले जातात. मिडटर्मला तीन विद्यार्थी गैरहजर होते. त्यांचा ३ब चा खाना रिकामा आहे, म्हणून त्यांचं प्रमाण १८ ऐवजी १२ गुणांवर निघतं. या पद्धतीने ६४ पैकी २७ विद्यार्थी उंबरठ्याच्या वर आले, म्हणजे ४२ टक्के.

रिकामा खाना आणि शून्य यात एवढा काय फरक आहे?

माझ्या अनुभवात शीट सर्वात जास्त वेळा इथेच बिघडते. विद्यार्थी गैरहजर असेल किंवा त्याने पर्यायातला दुसरा प्रश्न निवडला असेल, तर खाना रिकामा ठेवायचा. प्रश्न सक्तीचा असून त्याने सोडून दिला असेल किंवा लिहून काहीच गुण मिळाले नसतील, तर शून्य. पहिल्या बाबतीत त्याला येतं की नाही याचा पुरावाच आपल्याकडे नाही, दुसऱ्या बाबतीत पुरावा आहे आणि तो "येत नाही" असं सांगतो. गुण भरणाऱ्याने घाईत सगळीकडे शून्य टाकलं की पर्यायी प्रश्नांचे सीओ विनाकारण कोसळतात.

चूक ओळखायची एक सोपी खूण आहे. पर्यायी जोडीतल्या दोन्ही प्रश्नांखाली किती खान्यांत आकडे आहेत ते मोजा. दोन्हींची बेरीज हजर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आली, तर कुणीतरी रिकाम्या जागी शून्य भरले आहेत.

सीओ-४ चे ६७ टक्के लक्ष्याच्या वर आहेत. मग त्यावर बोलायचं कशाला?

कारण हे ६७ टक्के ६४ जणांचे नाहीत. सीओ-४ फक्त एंड-सेमच्या सहाव्या प्रश्नात तपासला गेला आणि तो पाचव्या प्रश्नाला पर्याय होता. ३९ विद्यार्थ्यांनी तो घेतला, त्यातल्या २६ जणांना जमला. २६ भागिले ३९, म्हणजे ६७ टक्के. उरलेल्या २५ जणांना ट्री आणि ग्राफ येतात का, हे आपल्याला माहीत नाही. शिवाय प्रश्न निवडताना विद्यार्थी जो येतो तोच घेतो, म्हणून ३९ जणांचा आकडा पूर्ण वर्गाच्या खऱ्या आकड्यापेक्षा चांगला दिसण्याची शक्यता जास्त.

ही गोष्ट आकडे बदलून दुरुस्त करू नका. ६४ ने भागलं तर ४१ टक्के येतात आणि तेही खोटंच, कारण ज्यांनी प्रश्न पाहूनही घेतला नाही त्यांना "येत नाही" असं आपण ठरवून टाकतो. स्लाइडवर "३९ पैकी २६" असं लिहा आणि पुढच्या पेपरात पर्याय एकाच सीओच्या दोन प्रश्नांमध्ये राहील, असं बैठकीत सांगा. एवढं एक वाक्य पुरतं.

इंटर्नल असाइनमेंटचे गुण मिसळायचे की वेगळे ठेवायचे?

अंतिम नोंदीसाठी विभागाचं जे प्रमाण ठरलं असेल ते पाळावंच लागतं. स्लाइडवर मात्र दोन्ही वेगळे दाखवा. सीओ-३ च्या असाइनमेंटमध्ये ६४ पैकी ५८ जण उंबरठ्याच्या वर होते, म्हणजे ९१ टक्के. परीक्षेत ४२. परीक्षेला ८० आणि असाइनमेंटला २० टक्के भार दिला तर ५२ येतात. या ५२ मध्ये दोन्ही गोष्टी बुडतात: परीक्षेतला प्रश्न गंभीर आहे हेही, आणि असाइनमेंट एकमेकांचं पाहून लिहिली जाते का ही शंकाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ती शंका कुणीतरी बोलून दाखवतं आणि चर्चा योग्य जागी सुरू होते.

"सीओ-३ चे अटेनमेंट ४२ टक्के" यावरून पुढे काय काढायचं?

या वाक्यावरून काहीच काढता येत नाही, म्हणूनच तिथे थांबायचं नाही. सीओ उलगडून उपप्रश्नांपर्यंत जायचं. आपल्या उदाहरणात ते असं दिसलं. ३ब मध्ये दोन अल्गोरिदमची तुलना विचारली होती. हजर ६१ पैकी ४१ जणांना ती जमली. ४अ मध्ये लूपमध्ये लूप असलेला प्रोग्राम देऊन त्याची कॉम्प्लेक्सिटी विचारली होती. ६४ पैकी ४५ जणांना जमली. ४ब मध्ये रिकर्सिव्ह फंक्शन देऊन रिकरन्स लिहायला आणि सोडवायला सांगितलं होतं. तिथे फक्त १६.

म्हणजे कॉम्प्लेक्सिटीचं विश्लेषण येत नाही, असं म्हणणं चूक ठरतं. लूपचं विश्लेषण येतं, अडतं ते रिकर्शनवर. आता आणखी एक पायरी खाली. ४ब च्या सात गुणांत रिकरन्स लिहायला तीन आणि सोडवायला चार होते. गुणांची वारंवारता काढली तर बरोबर तीन गुणांवर मोठा ढीग होता. ढीग अशा ठिकाणी अडकला की समजायचं, विद्यार्थी एक पायरी चढून दुसऱ्या पायरीवर थांबले आहेत. सरासरी काढली असती तर हा ढीग दिसलाच नसता.

मग उत्तरपत्रिका उघडायच्या. उंबरठ्याखालच्या ४८ पैकी २० वाचल्या. दोघांनी प्रश्न कोरा सोडला होता, चौघांना रिकरन्सच लिहिता आला नव्हता. उरलेल्या १४ जणांनी `T(n) = 2T(n/2) + n` बरोबर लिहिलं होतं आणि सोडवताना चुकले होते. या १४ पैकी ९ जणांची चूक अक्षरशः एकच होती. पहिल्यांदा विस्तार करताना त्यांनी `T(n/2)` च्या जागी `2T(n/4) + n` लिहिलं. तिथे शेवटी `n/2` हवं. n च्या जागी n/2 ठेवायचं तर ते सगळीकडे ठेवावं लागतं, हे सुटलं. त्यामुळे `4T(n/4) + 2n` ऐवजी `4T(n/4) + 3n` आलं आणि पुढचं सगळं बिघडलं.

सुरुवातीला ४२ टक्के हा आकडा होता. शेवटी हाती आली एक ओळ, जी दोन ट्युटोरियलमध्ये दुरुस्त होऊ शकते. बैठकीत न्यायचं ते हे.

एवढ्या उत्तरपत्रिका पुन्हा वाचायला वेळ कुठून आणायचा?

सगळ्या वाचायच्या नाहीत आणि पूर्णही वाचायच्या नाहीत. फक्त अडलेला एक उपप्रश्न, उंबरठ्याखालच्या विद्यार्थ्यांचा, आणि पंधरा-वीस उत्तरपत्रिका. हुशार किंवा ओळखीच्या मुलांच्या निवडू नका, हजेरी क्रमांकाप्रमाणे ठरावीक अंतराने उचला. प्रत्येकीसमोर एकच गोष्ट टिपायची: उत्तर कुठपर्यंत बरोबर आहे आणि पहिली चूक कोणती. तास-दीड तासाचं काम आहे. दहाव्या उत्तरपत्रिकेनंतर तीच चूक पुन्हा पुन्हा दिसायला लागते. प्रत्येकाची चूक वेगळी निघाली, तर प्रश्नाची भाषाच संदिग्ध होती का, हे आधी तपासा.

स्लाइड किती आणि कोणत्या?

मी पाच करतो. पहिलीवर चारही सीओ, लक्ष्याची रेघ आणि प्रत्येकासमोर "इतक्यांपैकी इतके". दुसरीवर सीओ-३ चे तीन उपप्रश्न शेजारी शेजारी. तिसरीवर ४ब हा प्रश्न जसाच्या तसा आणि खाली एका उत्तराच्या त्या दोन ओळी, चुकलेल्या पदाभोवती वर्तुळ. चौथीवर यंदा हा भाग कसा शिकवला गेला: किती तास, कोणत्या आठवड्यात, सराव किती. पाचवीवर पुढच्या वेळी काय करणार आणि त्यासाठी विभागाकडून काय हवं.

तिसरी स्लाइड सर्वात महत्त्वाची. टक्केवारी पाहताना सहकारी मागे रेलून बसलेले असतात. विद्यार्थ्याच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या की पुढे सरकतात, कारण तशीच चूक त्यांनीही त्यांच्या वर्गात पाहिलेली असते. उत्तर टाकताना नाव, क्रमांक आणि अक्षरावरून ओळख पटेल असं काही राहू देऊ नका. त्या दोन ओळी टाइप करून टाकल्या तरी काम होतं.

स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्यात लिहा. "सीओ अटेनमेंट विश्लेषण" या शीर्षकातून काहीच कळत नाही. "रिकरन्स लिहिता येतो, सोडवता येत नाही" हे वाचलं की पुढचा आलेख कशासाठी आहे ते समजतं.

आलेख कोणता घ्यावा?

आडवे बार आणि लक्ष्याची एक उभी रेघ. पाय चार्ट नको, कारण चार सीओ मिळून शंभर होत नाहीत. पट्टी शून्यापासून सुरू करा, नाहीतर ६७ आणि ७२ मधला फरक डोंगराएवढा दिसतो.

ज्या सीओंनी लक्ष्य गाठलं त्यांच्याकडे पाहायचंच नाही का?

एकदा पाहायचं, आणि पाहायचं ते प्रश्नाच्या क्रियापदाकडे. सीओ-१ मध्ये "योग्य डेटा स्ट्रक्चर निवडता येणं" लिहिलं आहे. पेपरातला त्याचा प्रश्न "स्टॅक आणि क्यू यांतील फरक लिहा" असा असेल, तर ७८ टक्के मुलांना फरक पाठ आहे एवढंच कळतं. ब्लूमच्या वर्गीकरणाची २००१ ची सुधारित मांडणी बहुतेक विभागांत वापरतात. त्यात आठवणं सगळ्यात खाली येतं आणि निर्णय घेऊन निवड करणं बरंच वर. सीओ वरच्या पायरीवर आणि प्रश्न खालच्या, असं झालं की आकडा फुगतो. अशा वेळी बैठकीत "सीओ-१ साध्य" म्हणू नका. "सीओ-१ चा प्रश्न बदलायला हवा" म्हणा.

टक्केवारीचे १, २, ३ असे स्तर करून दाखवायचे का?

नोंदीत मागतात तिथे द्या, बोलताना टाळा. स्तरात ५९ आणि ६० वेगळ्या खान्यांत पडतात आणि ६० व ६९ एकाच खान्यात. वर्ग लहान असेल तर हे जास्त फसवं होतं. १८ जणांच्या वर्गात एक विद्यार्थी इकडचा तिकडे झाला की साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. तिथे टक्के न लिहिता "१८ पैकी ११" असंच लिहावं.

दोन तुकड्यांना दोन शिक्षक शिकवत असतील तर तुलना दाखवावी का?

तुकडी आणि शिक्षक यांचं नाव लावलेला आलेख बैठकीत दाखवू नका. तो एकदा पडद्यावर आला की उरलेला वेळ बचावात जातो, आणि पुढच्या वर्षी दोघंही सोपे प्रश्न काढतात. फरक मोठा असेल तर आधी त्या दोघांनी एकत्र बसून पाहावं. बऱ्याचदा कारण साधं निघतं: एका तुकडीत तो घटक सुट्ट्यांच्या आठवड्यात आला, किंवा दोघांनी उत्तरपत्रिका वेगळ्या काटेकोरपणे तपासल्या. तपासणीची शंका असेल तर एकमेकांच्या पाच उत्तरपत्रिका बदलून तपासा. बैठकीत जे समान आढळलं ते दोघांनी मिळून मांडावं.

मागच्या वर्षी ५५ होते, यंदा ४२. घसरण झाली असं म्हणावं का?

प्रश्न सारखे असतील तरच. मागच्या वर्षी सीओ-३ मध्ये फक्त लूपचे प्रश्न असतील आणि यंदा रिकर्शन आलं असेल, तर बदललाय तो पेपर. वर्षांची तुलना करायची असेल तर दरवर्षी त्याच प्रकारचा, तितक्याच गुणांचा एक उपप्रश्न ठरवून ठेवा. आकडे वेगळे, मांडणी तीच. त्या एका प्रश्नाची वर्षावर्षाची रांग संपूर्ण सीओच्या टक्केवारीपेक्षा भरवशाची असते.

विद्यार्थ्यांच्या कोर्स एक्झिट सर्वेचं काय करायचं?

सीओ-३ ला विद्यार्थ्यांनी स्वतःला ५ पैकी सरासरी ४.१ दिले होते. परीक्षेत ४२ टक्के. दोन्हींची सरासरी काढून आकडा सुधारू नका. हा विरोधच सांगण्यासारखा आहे. वर्गात फळ्यावर रिकरन्स सुटताना पाहिलेला असतो, प्रत्येक ओळ पटलेली असते, म्हणून "येतं" असं वाटतं. स्वतःच्या हाताने सोडवून पाहण्याची वेळ थेट परीक्षेत आली. चौथ्या स्लाइडवरच्या माहितीशी हे जुळतं: या भागाला एक तास मिळाला होता आणि सरावाचा तास एकही नव्हता.

कृती आराखडा कसा लिहावा? "जास्त सराव घेतला जाईल" चालेल?

चालणार नाही, कारण पुढच्या वर्षी तो घेतला की नाही हे कुणालाच तपासता येणार नाही. आराखड्यात काय, कधी, कुणी आणि कोणत्या प्रश्नावरून कळेल, हे चारही यायला हवं. आपल्या उदाहरणात तो असा झाला.

सहाव्या आठवड्यात रिकरन्स सोडवण्याचे दोन ट्युटोरियल तास. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना `4T(n/4) + 3n` हे चुकीचं उत्तर द्यायचं आणि चूक कुठे झाली ते त्यांनाच शोधायला लावायचं. दुसऱ्या तासाला प्रत्येकाने तीन रिकरन्स स्वतः सोडवायचे. सातव्या आठवड्यात पाच गुणांची छोटी चाचणी, गुण त्याच आठवड्यात परत. चाचणीत निम्म्यांपेक्षा कमी जणांना जमलं तर आणखी एक तास, कारण एंड-सेमपर्यंत थांबलं तर दुरुस्तीला वेळच उरत नाही. एंड-सेममध्ये ४ब सारखाच सात गुणांचा सक्तीचा प्रश्न. यंदा ६४ पैकी १६ होते, पुढच्या वेळी निम्मा वर्ग. लक्ष्याचे ६५ टक्के इथे एकदम लिहिले नाहीत. एका वर्षात २५ वरून ५० वर जाणं हीच मोठी उडी आहे, आणि कागदावर जास्त लिहिलं तर पेपर सोपा काढण्याचा मोह होतो.

दोन तास आणायचे कुठून, हेही लिहावं लागतं. सीओ-२ चे अटेनमेंट ७२ टक्के आहे, म्हणून एक तास लिंक्ड लिस्टच्या उपप्रकारांतून काढता येतो. दुसरा तास विभागाने वेळापत्रकात द्यायचा आहे. बैठकीकडे मागणी एवढीच, आणि ती पाचव्या स्लाइडच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट लिहिलेली असावी. होकार किंवा नकार त्याच बैठकीत इतिवृत्तात यायला हवा.

बैठक झाल्यावर काय जपून ठेवायचं?

उपप्रश्नाप्रमाणे भरलेली शीट, प्रश्न-सीओ मॅपिंगसह पेपर, वाचलेल्या २० उत्तरपत्रिकांची चुकांची टिपणं आणि इतिवृत्ताची ती ओळ. पुढच्या वर्षी तुमच्या सादरीकरणाची पहिली स्लाइड हीच असेल: ४ब मध्ये मागच्या वर्षी ६४ पैकी १६, ट्युटोरियल झाले की नाही, आणि यंदा किती.